जीव वाचवणारी औषधे आणि रक्तातली चरबी

एचआयव्हीची औषधे, अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि कर्करोगावरची काही औषधे ही एका पंगतीला बसवावीत, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. डॉक्टर वेगळे, वॉर्ड वेगळे, रुग्णही वेगळे. पण रक्ताच्या लिपिड प्रोफाइलमध्ये तिन्हींची खूण उमटते. कोलेस्टेरॉल चढते, ट्रायग्लिसराइड अनेकदा त्याहून जास्त चढते, आणि प्रश्न उभा राहतो तो असा: ज्या औषधावर माणूस जगतो आहे ते बदलायचे, की त्याच्या जोडीला आणखी एक गोळी द्यायची? या प्रश्नाला आता वीस वर्षांहून अधिक इतिहास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा पुण्यातला आहे.

पुण्यात दिसलेली पहिली लक्षणे

भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ची. म्हणजे या शहरात एचआयव्हीचा अभ्यास प्रभावी मिश्र औषधे येण्याच्या आधीपासून सुरू होता. सरकारी कार्यक्रमातून मोफत उपचार १ एप्रिल २००४ला सुरू झाले. त्याच्याही आधी भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांमुळे खासगीत उपचार घेणे काही जणांच्या आवाक्यात आले होते. त्या काळी गरीब देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या पहिल्या फळीच्या मिश्रणात बहुधा स्टॅव्ह्युडीन असे. औषध स्वस्त होते आणि विषाणूला आवर घालत होते. पण वर्ष-दोन वर्षांत रुग्णाची गालफडे बसू लागत, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर येत आणि पोट मात्र सुटे. शरीरातली चरबी जिथे असावी तिथून जात होती आणि नको तिथे साठत होती.

रुबी हॉल क्लिनिकमध्ये काम करणारे डॉ. संजय पुजारी आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या अशा रुग्णांची पाहणी करून २००५मध्ये एड्सविषयक एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध लिहिला. विषय होता पहिल्या फळीच्या औषधांवरच्या रुग्णांमधली चरबीची विस्कटलेली ठेवण आणि रक्तातली वाढलेली लिपिड्स. तोवर हा दुष्परिणाम बहुतांशी पाश्चात्त्य देशांतल्या प्रोटिएज इनहिबिटर या महागड्या गटाच्या खात्यावर मांडला जात होता. आपल्याकडे हा गट क्वचितच वापरला जाई, तरी त्रास दिसत होता. पुढे २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्ह्युडीन टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. भारतातही त्याच्या जागी आधी टेनोफोव्हिर-लॅमिव्ह्युडीन-इफाव्हिरेन्झ आणि अलीकडे इफाव्हिरेन्झऐवजी डोल्युटेग्राव्हिर असलेली एकच गोळी आली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीतही लिपिड बिघडलेलीच असतात. एचडीएल आणि एलडीएल दोन्ही खाली जातात आणि ट्रायग्लिसराइड चढते. त्यामुळे गोळ्या सुरू केल्यावर एलडीएल वाढते त्यातला काही भाग प्रकृती पूर्वपदावर आल्याचा असतो. किती वाढ औषधाची आणि किती सुधारलेल्या तब्येतीची, हे एका रिपोर्टवरून वेगळे काढता येत नाही. म्हणून उपचार सुरू होण्याआधीची लिपिड तपासणी फायलीत असणे मोलाचे ठरते. गर्दीच्या एआरटी सेंटरवर नेमकी तीच राहून जाते.

औषध करते तरी काय

प्रत्येक औषधाची वाट वेगळी आहे. रिटोनाव्हिर किंवा लोपिनाव्हिरसारखी प्रोटिएज इनहिबिटर यकृताला जास्त चरबीचे कण तयार करून रक्तात सोडायला लावतात. सिरोलिमस आणि एव्हेरोलिमस ही प्रत्यारोपणातली औषधे रक्तातले ट्रायग्लिसराइड फोडणाऱ्या लायपेज या एन्झाइमचे काम मंदावतात. सायक्लोस्पोरिनने एलडीएल वाढते. स्टिरॉइडमुळे भूक, वजन, साखर आणि यकृतातली चरबीनिर्मिती ही चारही चढतात. टेनोफोव्हिरचा जुना प्रकार, जो सरकारी गोळीत असतो, तो उलट लिपिड किंचित खाली ठेवतो. तो काढून त्याचा नवा प्रकार दिला, की मूत्रपिंडाला आणि हाडांना आराम मिळतो, पण एलडीएल थोडे वर येते. रुग्णाला वाटते नवीन गोळीने कोलेस्टेरॉल वाढवले, प्रत्यक्षात जुन्या गोळीचा दाब उठलेला असतो.

उपचाराच्या बाजूला आणखी एक गुंता आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारी अनेक स्टॅटिन यकृतातल्या ज्या एन्झाइमने निकामी होतात, ते सीवायपी ३ए४ नावाचे एन्झाइम रिटोनाव्हिर जवळजवळ बंद पाडते. मग सिम्व्हास्टॅटिनची साधी मात्रासुद्धा रक्तात अनेक पटींनी साठते आणि स्नायू विरघळू लागतात. मांड्या-दंडांत दुखते, जिना चढवत नाही, लघवी चहाच्या रंगाची होते आणि पाठोपाठ मूत्रपिंड धोक्यात येते. रिटोनाव्हिरबरोबर सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन पूर्ण वर्ज्य, यावर आता दुमत नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन चालते, पण कमी मात्रेपासून सुरू करून २० मिलिग्रॅमच्या पुढे न जाता. लोपिनाव्हिर किंवा अटाझानाव्हिरच्या जोडीला रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमवर थांबवतात. पिटाव्हास्टॅटिनला हा अडथळा जवळपास नाही.

इफाव्हिरेन्झचे गणित याच्या उलट. ते हेच एन्झाइम अधिक जोमाने कामाला लावते, त्यामुळे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन रक्तात टिकत नाही. रुग्ण गोळी नेमाने घेतो, एलडीएल मात्र उतरत नाही आणि डॉक्टरला वाटते हा गोळ्या चुकवतो. इफाव्हिरेन्झ सोडून डोल्युटेग्राव्हिरवर आल्यावर तीच स्टॅटिन नीट काम करू लागते. डोल्युटेग्राव्हिरचा स्टॅटिनशी झगडा नाही. मेटफॉर्मिनशी आहे, आणि या गोळीवर अनेकांचे वजन वाढते, ती वेगळी काळजी.

एक उदाहरण आकड्यांसह

हे सगळे एकत्र कसे येते ते दाखवण्यासाठी एक कल्पित पण ओळखीचे वाटेल असे उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांचा रिक्षाचालक, पंधरा वर्षे एआरटीवर. पहिली फळी निष्फळ ठरल्यावर त्याला लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर असलेली दुसरी फळी दिली. विषाणू दबलेला आहे. तंबाखू चालू, आठवड्यातून दोनदा दारू. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २६४, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड ६४०.

प्रयोगशाळेने नेहमीच्या सूत्राने एलडीएल काढले तर ते येते १०५. एकूणातून एचडीएल वजा, त्यातून ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग म्हणजे १२८ वजा. आकडा बघून कुणालाही हायसे वाटेल. पण ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेले की हे सूत्र लागू पडत नाही. अशा वेळी बघायचे ते नॉन-एचडीएल, म्हणजे एकूणातून फक्त एचडीएल वजा. ते आहे २३३. रोहिणीत रुतून बसू शकणारी सगळी चरबी या एका आकड्यात येते, आणि ती भरपूर आहे.

पहिले पाऊल गोळी लिहिण्याचे नाही. साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, लघवीतले प्रोटीन आणि यकृताची तपासणी करायची, कारण यातले काहीही बिघडले तरी लिपिड चढतात. दारूचा नेमका हिशेब विचारायचा. ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढे असल्याने तातडीची चिंता हृदयाची नसून स्वादुपिंडाला सूज येण्याची आहे, म्हणून दारू पूर्ण बंद, तेल-तूप आणि साखर कडक कमी, आणि क्रिएटिनिन बरे असल्यास फेनोफायब्रेट. त्याच वर्गातले जेमफायब्रोझिल इथे नको. ते स्टॅटिनबरोबर स्नायूंना घातक ठरते आणि लोपिनाव्हिरचे रक्तातले प्रमाणही घटवते.

दुसरे पाऊल मूळ कारणावर. लोपिनाव्हिर काढून डोल्युटेग्राव्हिर देता येईल का? त्याचे उत्तर विषाणू आज दबलेला आहे एवढ्यावर देता येत नाही. पूर्वी कोणत्या औषधांना विषाणू दाद देईनासा झाला होता, सोबतची दोन औषधे अजून चालतात का, हे जुन्या कागदांतून शोधावे लागते, आणि सरकारी कार्यक्रमात असा बदल तज्ज्ञ समितीच्या संमतीने होतो. डोल्युटेग्राव्हिर जमणार नसेल तर अटाझानाव्हिर हा मधला मार्ग, कारण त्याचा लिपिडवरचा भार लोपिनाव्हिरपेक्षा बराच हलका.

समजा डोल्युटेग्राव्हिरचा बदल झाला आणि तीन महिन्यांनी रिपोर्ट आला: एकूण १८८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २१०. नॉन-एचडीएल २३३वरून १५२वर उतरले. गंमत बघा, सूत्राने काढलेले एलडीएल मात्र १०५वरून ११०वर गेलेले दिसते. फक्त त्या ओळीवर बोट ठेवणारा म्हणेल की बदलाने नुकसान झाले. आता फेनोफायब्रेट थांबवून अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू करता येते. रिटोनाव्हिर गेल्याने मात्रेवरचे बंधनही सुटलेले असते. आठ-बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि वर्षातून एकदा साखर. स्नायूंचे सीपीके त्रास असेल तरच बघायचे, रुटीन म्हणून नाही.

या सगळ्यात एक कच्चा दुवा आहे, आणि तो औषधशास्त्रातला नाही. पुष्कळ रुग्ण एआरटीबद्दल घराजवळच्या डॉक्टरांना सांगत नाहीत. गल्लीतल्या दवाखान्यात आपला आजार फुटेल ही भीती खरी आहे. मग रक्तदाबासाठी गेलेल्या माणसाला तिथे ४० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन लिहून मिळते, आणि लिहिणाऱ्याला रिटोनाव्हिरची कल्पनाच नसते. डोल्युटेग्राव्हिर आल्याने हा धोका घटला आहे, पण दुसऱ्या फळीवरच्यांसाठी तो कायम आहे. एआरटी सेंटरवरच्या समुपदेशकाने दर भेटीत ‘बाहेरून कोणत्या गोळ्या चालू आहेत? पाकीट दाखवा’ एवढे विचारले, तरी यातले बरेच अपघात टळतील असे माझे मत आहे.

सर्वांना स्टॅटिन की निवडकांना?

औषधांमुळे लिपिड वाढतात हे ठरले, पण त्यामुळे हृदयविकार वाढतो का, यावर बराच काळ वाद होता. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णांवरच्या ‘डीएडी’ या मोठ्या पाहणीने २००३मध्ये दाखवले, की मिश्र उपचारांच्या पहिल्या काही वर्षांत दरवर्षी हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. २००७मध्ये त्याच गटाने प्रोटिएज इनहिबिटरकडे बोट दाखवले. लिपिडची वाढ हिशेबात घेतल्यावरही थोडा जादा धोका उरतच होता. विषाणूमुळे धुमसत राहणारा दाह हाही त्यात भागीदार असावा, अशी समजूत त्यातून पक्की होत गेली.

मग २०२३ साली ‘रिप्रीव्ह’ चाचणीचा निकाल आला. भारतासह बारा देशांतले ७,७६९ एचआयव्हीबाधित, वय ४० ते ७५, हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम. त्यांच्यापैकी निम्म्यांना रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी. सरासरी पाच वर्षांनंतर झटका, पक्षाघात आणि तत्सम घटना औषध घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. सुरुवातीला त्यांच्या एलडीएलचा मध्यक १०८ होता. सर्वसाधारण नियमाने त्यांच्यातल्या बहुतेकांना कुणी स्टॅटिन दिली नसती.

यानंतर दोन बाजू पडल्या, आणि दोन्हींच्या म्हणण्यात वजन आहे. एक बाजू म्हणते, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक एआरटी रुग्णाला मध्यम मात्रेची स्टॅटिन द्या. अमेरिकेच्या २०२४च्या शिफारशींचा कल इकडेच आहे. दहा वर्षांचा धोका ५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या ठामपणे ‘द्या’ म्हणतात, त्याखाली ‘देणे बरे’ म्हणतात. धोक्याचे गणित मांडत बसण्यापेक्षा वयाची एक रेघ ओढणे गर्दीच्या केंद्रावर सोपेही आहे.

दुसरी बाजू त्याच चाचणीतले दुसरे आकडे पुढे करते. एक घटना टाळण्यासाठी पाच वर्षे १०६ जणांना गोळी द्यावी लागली. ज्यांचा धोका अगदी कमी, त्यांच्यात जवळजवळ २०० जणांना. औषध घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह झालेले ५.३ टक्के होते, न घेणाऱ्यांत ४. मधुमेहाचे प्रमाण आधीच मोठे असलेल्या आपल्या लोकांत हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही. शिवाय अमेरिकेत बेतलेला धोक्याचा तक्ता कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या सहभागींसाठी धोका जास्त सांगतो, असे याच चाचणीच्या नंतरच्या विश्लेषणात दिसले. ज्या फुटपट्टीने मोजायचे तीच इथे बरोबर नसेल, तर रेघ कुठे ओढायची? आणि पिटाव्हास्टॅटिनवरचा पुरावा स्वस्त अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनला तसाच लागू करायचा का? शिफारशींत तो लागू केलेला आहे. ते तर्काला धरून आहे, पण थेट चाचणीने सिद्ध झालेले नाही.

मला पहिल्या बाजूचा युक्तिवाद पुण्यातल्या रुग्णांसाठी अधिक पटतो, तोही पन्नाशीनंतर आणि तंबाखू, रक्तदाब किंवा पोटाचा घेर यांपैकी एक जरी सोबत असेल तर. चाळिशीतल्या बारीक, निर्व्यसनी बाईला रोजची आणखी एक गोळी देण्याआधी मात्र तिच्याशी सविस्तर बोलायला हवे.

प्रत्यारोपित मूत्रपिंड

पुण्यात मूत्रपिंड प्रत्यारोपण आता ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही होते आणि खासगीत ते नित्याचे आहे. नव्या मूत्रपिंडासह जगणाऱ्याला रोज टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडे स्टिरॉइड घ्यावे लागते. यातले मायकोफेनोलेट लिपिडच्या बाबतीत निरुपद्रवी, टॅक्रोलिमस सौम्य, आणि जुने सायक्लोस्पोरिन बरेच तापदायक. सिरोलिमस-एव्हेरोलिमसवर ट्रायग्लिसराइड झपाट्याने चढू शकते, आणि मात्रा जितकी जास्त तितकी वाढही जास्त.

इथे औषध बदलण्याची मुभा एचआयव्हीपेक्षा कमी आहे. विषाणूला दाबणारे पाच-सहा पर्याय असतात. मूत्रपिंड नाकारले गेले तर पुन्हा डायलिसिस, हा डाव फार मोठा. म्हणून स्टॅटिन जोडण्याकडेच कल असतो. त्याला आधार ‘अलर्ट’ चाचणीचा आहे: २,१०२ मूत्रपिंड प्रत्यारोपित रुग्ण, फ्लुव्हास्टॅटिन, २००३. ठरवलेले मुख्य उद्दिष्ट संख्याशास्त्राच्या निकषावर गाठता आले नाही, पण हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका हे मिळून सुमारे एक तृतीयांशाने घटले. या अर्ध्या-अधिक यशावरच आजच्या शिफारशी उभ्या आहेत आणि त्यांची भाषाही ‘सुचवतो’ अशी सौम्य आहे.

सायक्लोस्पोरिनबरोबर स्टॅटिन देताना हात विशेष आखडता ठेवावा लागतो. ते एन्झाइमच नव्हे, तर स्टॅटिनला यकृतात नेणारा वाहकही अडवते. रोसुव्हास्टॅटिन त्यामुळे रक्तात सातपटीने वाढते, आणि एचआयव्हीत सोयीचे ठरलेले पिटाव्हास्टॅटिन इथे वर्ज्य होते. टॅक्रोलिमसला हा दोष नाही. मात्र आपल्याकडे एक खास अडचण आहे. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची मात्रा आणि खर्च कमी व्हावा म्हणून काही डॉक्टर जाणीवपूर्वक डिल्टिअझेम देतात. ते एन्झाइम मंद करून महाग औषध रक्तात टिकवते. पैसे वाचतात, पण त्याच खटाटोपात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनही टिकून राहते. रुग्णाच्या कागदावर डिल्टिअझेम रक्तदाबाची गोळी म्हणून लिहिलेले असते. हृदयरोगतज्ज्ञाने ती बंद केली, तर टॅक्रोलिमसची पातळी कोसळते. दोन्ही टोकांना घात आहे, म्हणून ही गोळी सुरू करताना किंवा थांबवताना पातळी मोजणे अपरिहार्य.

कर्करोग: काळाचे गणित

कर्करोगात उत्तर औषध किती दिवस चालणार यावर ठरते. रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांना अ‍ॅस्पॅराजिनेज आणि स्टिरॉइड एकत्र देतात तेव्हा ट्रायग्लिसराइड कधी कधी हजाराच्या वर जाते. नळीतला सीरम दुधासारखा पांढरा दिसतो, आणि त्या पांढरेपणामुळे काही यंत्रांवर सोडियमसारख्या तपासण्याही खोट्या कमी येतात. आईवडील घाबरतात. पण औषध थांबल्यावर काही आठवड्यांत ते आपोआप उतरते. बहुतेक डॉक्टर आहार सांभाळतात, पोटदुखीवर लक्ष ठेवतात आणि उपचार चालू ठेवतात. किती पातळीला फायब्रेट द्यावे, डोस पुढे ढकलावा का, यावर केंद्रागणिक रिवाज वेगळा आहे.

लोर्लाटिनिब हे दुसरे टोक. फुप्फुसाच्या कर्करोगातल्या एएलके बदल असलेल्या रुग्णांसाठी ही रोजची गोळी आहे. दहापैकी सुमारे सात जणांचे कोलेस्टेरॉल तिने वाढते, बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच. म्हणून सुरू करण्याआधी, मग एक आणि दोन महिन्यांनी लिपिड बघतात आणि गरज पडताच रोसुव्हास्टॅटिन किंवा पिटाव्हास्टॅटिन देतात. लोर्लाटिनिब ३ए४ला चालना देत असल्याने त्या वाटेने जाणारी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन इथे पहिली पसंती नसते. लिपिडसाठी कर्करोगाची गोळी कायमची बंद करावी लागणे विरळा.

२०२४मध्ये जाहीर झालेल्या पाच वर्षांच्या निकालात लोर्लाटिनिबवरच्या ६० टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता, तुलनेच्या जुन्या औषधावर ८ टक्के. एकेकाळी ज्या आजारात महिने मोजत, तिथे आता वर्षे हाती आली आहेत. साहजिकच, पाच-सात वर्षे २८० कोलेस्टेरॉल घेऊन जगणाऱ्याच्या रोहिण्यांचे काय होते, हा प्रश्न आता निरर्थक राहिलेला नाही. त्यावर ‘रिप्रीव्ह’सारखी चाचणी झालेली नाही. एलडीएल किती खाली ठेवायचे, हे सध्या साध्या हृदयरुग्णांच्या नियमांवरून उसने घेतले जाते. काही कर्करोगतज्ज्ञ पहिल्या दिवसापासूनच स्टॅटिन जोडतात. काही जण वाढ दिसेपर्यंत थांबतात, कारण आधीच गोळ्यांनी, सुजेने आणि बदललेल्या मनःस्थितीने थकलेल्या रुग्णाला आणखी एक औषध द्यायचे त्यांच्या जिवावर येते. स्टॅटिनला पर्याय म्हणून आलेली पीसीएसके९ विरोधी इंजेक्शने ३ए४ एन्झाइमच्या भानगडीत पडत नाहीत, आणि तिन्ही गटांत ती सोयीची ठरावीत. पण त्यांची किंमत बघता पुण्यात ती सध्या तरी मोजक्यांनाच परवडतात, आणि प्रत्यारोपित किंवा लोर्लाटिनिबवरच्या रुग्णांमध्ये त्यांनी झटके टळतात का, हे सांगणारा मोठा अभ्यास अजून व्हायचा आहे.